रिजेक्शनचा आकडा खाली आला, पण कास्टिंग सुधारलं का?

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत एखाद्या फाउंड्रीत तुम्ही नव्याने लागला आहात. एमआयएसचं, म्हणजे कारखान्याचे आकडे गोळा करून मालकांपुढे मांडण्याचं काम तुमच्याकडे आलंय. मालक म्हणतात, "रिजेक्शन सहा टक्के आहे, चारच्या आत आणायचंय. रोज सकाळी स्क्रीनवर दिसेल असं काहीतरी कर." काही महिन्यांनी त्याच लाइनवर कॅमेरा बसतो आणि कास्टिंगमधला दोष ओळखणाऱ्या मॉडेलची परीक्षा घेण्याचं कामही तुमच्याच गळ्यात पडतं. ही दोन कामं वेगळी वाटतात, पण दोन्हीकडे अडचण एकच आहे. आकड्याला लक्ष्य केलं की माणसं आणि मॉडेल दोघंही आकडा गाठायला लागतात, आणि ज्या गोष्टीसाठी तो आकडा ठेवला होता ती मागे राहते.

१९७५ साली बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार असलेले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हे मांडलं. आकडेवारीत दिसणारा एखादा नियमित संबंध नियंत्रणासाठी वापरायला घेतला, की तो संबंधच ढासळतो, असं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी ब्रिटिश विद्यापीठांच्या तपासण्यांबद्दल लिहिताना तेच सोपं करून सांगितलं: माप हेच लक्ष्य झालं, की ते चांगलं माप राहत नाही. आपण हे फाउंड्रीच्या एका लाइनवर नीट उलगडून बघू. पुढच्या हिशोबातले आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कारखान्याचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

पहिलं काम: आकडा नेमका कुठे जन्मतो ते बघा

स्क्रीन बनवायला बसण्याआधी एक पूर्ण शिफ्ट लाइनवर उभे राहा. धातू ओतला जातो, साचा थंड होतो, साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं नॉकआउट होतं, चिकटलेली वाळू उडवणारं शॉट ब्लास्टिंग आणि जादा धातू घासून काढायचं फेटलिंग होतं, मग तपासनीस कास्टिंग हातात घेऊन बघतो आणि रजिस्टरमध्ये नोंद करतो. तुमचं "सहा टक्के" त्या नोंदीतून येतं.

त्या टेबलावर फक्त कास्टिंगची कातडी दिसते, हे आधी समजून घ्या. वाळूत ओल जास्त असली किंवा वायू बाहेर पडायला वाट नसली, तर ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून धातूत पडलेली भोकं होतात. त्यातले बरेच पृष्ठभागाखाली असतात. ते दिसतात मशीन शॉपमध्ये, टूल आत गेल्यावर, आणि बऱ्याच वेळा ते मशीन शॉप गिऱ्हाईकाचं असतं. म्हणजे फेटलिंगजवळचं रिजेक्शन ही कास्टिंगच्या दर्जाची एक खूण आहे, दर्जा नव्हे. तिच्यावर कोणी दबाव टाकत नाही तोवर ती बऱ्यापैकी खरं सांगते. वाळू बिघडली की टेबलावरही जास्त नग पडतात आणि गिऱ्हाईकाकडेही. हा संबंध टिकून असतो तो तपासनिसाला आकडा वर-खाली करण्याचं काही कारण नसतं म्हणून.

आता एका कागदावर चार ओळी लिहा. भागाकारात वर काय, खाली काय, मोजणी कधी होते आणि निर्णय कोण देतो. "रिजेक्ट झालेले नग भागिले तपासलेले नग" आणि "रिजेक्ट झालेले नग भागिले ओतलेले नग" हे दोन वेगळे आकडे आहेत. वेल्डिंग करून वाचवलेला नग कुठे धरायचा, तेही त्यातच लिहा. आपल्याकडे एकाच शिफ्टमध्ये खानापूरकडचा माणूस मराठीत नोंद करतो आणि गोकाककडचा कन्नडमध्ये. म्हणून ही व्याख्या दोन्ही भाषांत, दोषांच्या फोटोंसह, तपासणीच्या टेबलासमोर लावा. व्याख्या सैल राहिली की आकडा पहिल्यांदा तिथूनच गळतो.

दुसरं काम: कास्टिंग न सुधारता आकडा कसा उतरेल, ते आधीच विचारा

लक्ष्य जाहीर होण्याआधी हे करायचं. नंतर विचाराल तर कोणी मोकळेपणाने सांगणार नाही. ऑफिसमध्ये बसून तर्क करण्यापेक्षा फेटलिंगला जुन्या माणसाकडे जा. बोलणं साधारण असं होतं:

"मामा, समजा रिजेक्शनवर बक्षीस लावलं, तर काय काय होईल?"

"बारकं भोक असलं की वेल्डिंग मारायचं आणि ग्राइंडर फिरवायचं. मग दिसतंय कुठं, साहेब?"

"आणि मोठं असलं तर?"

"बाजूला ठेवायचं. होल्ड म्हणून लिहायचं. महिना संपल्यावर बघू म्हणायचं."

यात मामांचं काही चुकत नाही. तुमच्या आकड्याला कुठून कुठून वाट आहे ते ते दाखवताहेत. मुख्य वाटा चार आहेत. नगाचं नाव बदलतं, म्हणजे रिजेक्टचं रीवर्क होतं. वेळ सरकते: होल्डवर टाकलेले नग पुढच्या महिन्यात जातात, आणि गणपतीच्या सुट्टीआधी डिस्पॅचची घाई असली की तपासणीच पुढे ढकलली जाते. संशयास्पद नग "चालेल" म्हणून पुढे जातो आणि दोष गिऱ्हाईकाकडे पोचतो. चौथी वाट कुणाच्या मनात काही वाईट नसतानाही उघडते, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

समजा तुम्ही दोनच प्रकारचे नग बनवता. पंपाची बॉडी अवघड आहे, तिच्यात आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर आहे, तिचं रिजेक्शन ८ टक्के. कव्हर सोपं, त्याचं २ टक्के. जूनमध्ये ५०० बॉडी आणि ५०० कव्हर ओतले: ४० आणि १० असे ५० नग गेले, हजारात ५ टक्के. जुलैमध्ये ३०० बॉडी आणि ९०० कव्हर ओतले: २४ आणि १८ असे ४२ गेले, बाराशेत ३.५ टक्के. बॉडी पहिल्याइतकीच खराब निघतेय, कव्हरही तसंच आहे, वाळूत किंवा ओतण्यात काहीही बदललेलं नाही. तरी स्क्रीनवर दीड टक्का सुधारणा दिसते आणि सगळे खूश होतात. त्यानंतर प्लॅनिंगवाला नकळत सोप्या नगांना आधी जागा द्यायला लागतो, कारण तसं केलेला महिना "चांगला" जातो.

यावर उपाय सोपा आहे. एकूण टक्क्याशेजारी प्रत्येक नगाचं वेगळं रिजेक्शन दाखवा, आणि महिन्यांची तुलना करताना नगांचं प्रमाण एकच धरा. जुलैचे दर जूनच्या ५००-५०० प्रमाणाला लावले की उत्तर पुन्हा ५ टक्के येतं. सुधारणेचा दावा करायचा तो या आकड्यावर.

तिसरं काम: एकटा आकडा दाखवू नका, त्याला जोडी द्या

वर सापडलेल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक मोजणी ठेवायची. नग रीवर्कमध्ये पळाले तर रीवर्क वाढलेलं दिसलं पाहिजे, होल्डवर गेले तर होल्डचा ढीग दिसला पाहिजे, पुढे ढकलले तर गिऱ्हाईकाकडचा परतावा दिसला पाहिजे. चार टक्क्यांचं लक्ष्य लावण्याआधीचा एक महिना आणि तीन महिन्यांनंतरचा एक महिना समोरासमोर ठेवून बघा. दोन्ही महिन्यांत १०,००० नग:

| कुठे अडकले | लक्ष्याआधी | लक्ष्यानंतर |
|---|---|---|
| टेबलावर रिजेक्ट | ६०० | ३४० |
| महिनाअखेर होल्डवर | ५० | १८० |
| गिऱ्हाईकाकडून परत | १०० | २३० |
| वेल्डिंग करून वाचवलेले | १५० | २९० |

डॅशबोर्डवर फक्त पहिली ओळ आहे: ६ टक्क्यांवरून ३.४. लक्ष्य गाठलं. आता पहिल्या तीन ओळी बेरीज करा. आधी ७५०, नंतरही ७५०. खराब नग एकही कमी झालेला नाही. टेबलावरचे २६० कमी झाले, त्यातले १३० होल्डवर बसले आणि १३० ट्रकमधून गिऱ्हाईकाकडे गेले. शिवाय वेल्डिंगचं काम जवळपास दुप्पट झालं. टेबलावर पकडलेला नग पुन्हा वितळवता येतो, त्यात वीज आणि मजुरी जाते. तोच नग गिऱ्हाईकाच्या मशीनवर फुटला तर त्यांचा मशीनचा वेळ, येण्याजाण्याचं भाडं आणि डेबिट नोट असं सगळं अंगावर येतं. म्हणजे आकडा सुधारला आणि कारखान्याची परिस्थिती बिघडली.

या ओळी एकत्र आणायच्या तर हीट नंबर लागतो. भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूचा तो नंबर कास्टिंगवर असतोच, पण परत आलेल्या नगाच्या नोंदीत तो बहुतेक ठिकाणी लिहिला जात नाही. त्यामुळे परतावा कधीच्या उत्पादनाचा आहे ते कळत नाही. गिऱ्हाईकाकडून नग यायला कधी सहा आठवडे लागतात, आणि तोवर इथे बक्षीस वाटून झालेलं असतं. परताव्याच्या रजिस्टरमध्ये हीट नंबरचा रकाना घाला आणि तो रिकामा ठेवू देऊ नका. प्रत्येक महिन्याचं खरं उत्तर दोन महिन्यांनी पक्कं होईल, तोवर स्क्रीनवर त्या महिन्यासमोर "अपुरं" असं दिसू द्या. मालकांना हे सुरुवातीला रुचत नाही. तरी आग्रह धरा.

चौथं काम: पास झालेल्या नगांतून आंधळी फेरतपासणी

जोडीचे आकडेही वाकवता येतात. म्हणून कोणाच्याही बक्षिसाशी संबंध नसलेली एक मोजणी हवी. डिस्पॅचला निघालेल्या ढिगातून दर आठवड्याला काही नग उचला. ढिगाच्या वरचे हाताला येतील तसे घेऊ नका. नगांच्या क्रमांकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा. ते दुसऱ्या शिफ्टच्या तपासनिसाकडे द्या, आणि ते आधी पास झालेत हे त्याला सांगू नका. त्यातले दोन-चार कापून किंवा मशीनवर चढवून आतून बघा, कारण आतला ब्लोहोल दुसऱ्या कुठल्याही डोळ्याला दिसत नाही.

किती नग घ्यायचे, याला एक सोपा हिशोब आहे. तपासलेल्या नगांत एकही खराब सापडला नाही, तर ३ ला नगांच्या संख्येने भागा. पन्नासात एकही नाही म्हणजे साधारण ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की खराब माल ६ टक्क्यांपेक्षा कमी आहे. तीनशेत एकही नाही, तर १ टक्क्यापेक्षा कमी. त्यामुळे पन्नास नग बघून "आपला माल शंभर टक्के चांगला" असं कोणी म्हणालं तर थांबवा. आठवड्याला पन्नास जमत असतील तर सहा आठवडे साठवा आणि मग बोला.

तपासनीस दोष किती पकडतो हे वेगळं बघायचं असेल, तर दोष माहीत असलेले दहा नग खूण करून दिवसाच्या मालात मिसळा आणि किती पकडले जातात ते मोजा. संध्याकाळी ते दहाच्या दहा परत मोजून घ्यायचे. एक जरी ट्रकमध्ये गेला तर तुमच्या परीक्षेपायी गिऱ्हाईकाला खराब माल मिळेल.

पाचवं काम: मॉडेलला शिकवताना रजिस्टर जसंच्या तसं देऊ नका

आता कॅमेरा येतो. पुरवठादार विचारतो, "जुने फोटो आणि त्यांचे निकाल आहेत का?" तुम्ही रजिस्टर काढून देता. इथे एक चूक होते आणि ती फार उशिरा लक्षात येते. लक्ष्य लागल्यानंतरच्या महिन्यांत "चालेल" म्हणून पास झालेले नग त्या रजिस्टरमध्ये "चांगले" म्हणून नोंदलेले आहेत. मॉडेल कास्टिंग शिकत नाही, ते नोंद शिकतं. दबावाखालच्या तपासनिसाची नजर ते जशीच्या तशी उचलतं. परीक्षेचे फोटोही त्याच रजिस्टरमधले असतील, तर मॉडेलला उत्तम गुणही मिळतात.

म्हणून परीक्षेसाठीचे निकाल वेगळे तयार करा. मशीनिंगनंतर काय निघालं, गिऱ्हाईकाकडून काय परत आलं, आंधळ्या फेरतपासणीत काय सापडलं, यांवरून "खराब" आणि "चांगला" ठरवा. नग थोडे मिळतील, हरकत नाही. हजारो संशयास्पद नोंदींपेक्षा काही शे पक्क्या नोंदी परीक्षेला जास्त उपयोगाच्या. पृष्ठभागाखालचा दोष कॅमेऱ्याला दिसणारच नाही, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर त्याचा दोष पुढे मॉडेलच्या माथी येतो, किंवा त्याहून वाईट, मॉडेल पास म्हणालं म्हणून आत बघणंच बंद होतं.

आता गुण कसे द्यायचे. पुरवठादार अचूकता सांगतो, म्हणजे शंभरातली किती उत्तरं बरोबर. हजार नगांत ४० खराब आहेत असं धरा. प्रत्येक नगाला डोळे मिटून "चांगला" म्हणणाऱ्या यंत्राचीही अचूकता ९६ टक्के येते. त्यामुळे दोन खरी मॉडेलं तुलनेला घेऊ. पहिलं मॉडेल ४० पैकी १० खराब पकडतं आणि ५ चांगल्यांवर उगीच बोट ठेवतं. चुका ३५, अचूकता ९६.५ टक्के. दुसरं ४० पैकी ३४ पकडतं आणि ६० चांगले नग उगीच अडवतं. चुका ६६, अचूकता ९३.४ टक्के. अचूकतेवर निवड केली तर पहिलं मॉडेल घरी येतं.

हाच हिशोब पैशांत करा. निसटलेल्या एका खराब नगामागे १,५०० रुपये जातात आणि उगीच अडवलेला नग पुन्हा बघायला ३० रुपये लागतात असं धरा. पहिल्या मॉडेलचा खर्च ३० × १,५०० अधिक ५ × ३०, म्हणजे ४५,१५० रुपये. दुसऱ्याचा ६ × १,५०० अधिक ६० × ३०, म्हणजे १०,८०० रुपये. तुमच्याकडचे दोन दर अकाउंट्स आणि डिस्पॅचला बसून काढा. अंदाज कच्चा असला तरी चालेल, कारण हा फरक कच्च्या अंदाजातही लपत नाही.

सहावं काम: परीक्षेचे फोटो कुलुपात ठेवा

नवखे लोक फोटो मिसळतात आणि वीस टक्के परीक्षेला बाजूला काढतात. पण एका कास्टिंगचे चार बाजूंनी चार फोटो असतात, आणि एका हीटमधले नग एकाच वाळूतून, एकाच प्रकाशात निघालेले असतात. त्यातला एक फोटो शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेला, तर मॉडेल दोष ओळखण्याऐवजी ती हीट ओळखतं. फोटो वेगळे करायचे ते हीटनुसार:

```python
from sklearn.model_selection import GroupShuffleSplit
gss = GroupShuffleSplit(n_splits=1, test_size=0.2, random_state=7)
train, test = next(gss.split(df, groups=df["heat_no"]))
```

हे केल्यावर गुण एकदम खाली आले, तर आधीचे गुण ओळखीवर मिळालेले होते असं समजा. शक्य असेल तर परीक्षेला सर्वांत अलीकडच्या महिन्याच्या हीट ठेवा, कारण मॉडेल चालणार आहे ते पुढच्या महिन्यात.

दुसरी गळती जास्त सूक्ष्म आहे. परीक्षेत ४० खराब नग आहेत आणि मॉडेलची खरी ताकद ८५ टक्के पकडण्याची आहे. म्हणजे ३४ पकडले जायला हवेत, पण निव्वळ योगायोगाने हा आकडा दोन-अडीच नग इकडेतिकडे होतो. आता साधारण त्याच ताकदीच्या तीस वेगवेगळ्या मांडण्या, म्हणजे सेटिंग बदलून केलेली मॉडेलं, त्याच फोटोंवर चालवून बघा आणि सर्वांत वरची निवडा. तिला ३७ मिळालेले असू शकतात. सगळ्या मांडण्या बहुतेक त्याच फोटोंवर अडखळतात, म्हणून फुगवटा काहीसा कमी राहतो, पण दिशा नेहमी वरचीच. लाइनवर लावल्यावर ती मांडणी पुन्हा ३४ च्या आसपास येते, आणि सगळे कॅमेऱ्याला दोष देतात. इथे कोणी फसवलेलं नाही. पुन्हा पुन्हा बघून, त्यातलं सर्वांत वरचं निवडल्यानेच परीक्षेचा आकडा लक्ष्य बनला.

म्हणून तीन ढीग करा. एक शिकवणीचा, दुसरा मांडण्या पडताळून बघण्याचा आणि तिसरा कुलुपातला. तिसऱ्याच्या फोल्डरची परवानगी मॉडेल बनवणाऱ्याकडे नको. तो कधी उघडला, कोणी उघडला आणि कुठल्या निर्णयासाठी, हे एका वहीत लिहा. पाच-सहा वेळा उघडला गेला की तो दुसऱ्या ढिगात टाका आणि नव्या हीटमधून नवा ढीग करा.

नवा ढीग कठीणच वाटेल, त्याने घाबरू नका. २०१९ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी इमेजनेट या प्रसिद्ध फोटोसंग्रहासाठी जुन्याच पद्धतीने परीक्षेचा नवा संच तयार केला, तेव्हा नावाजलेल्या मॉडेलांचे गुण ११ ते १४ टक्क्यांनी उतरले. मॉडेलांचा आपापसातला क्रम मात्र जवळपास तसाच राहिला. उतरणीचं कारण त्यांनी घोकंपट्टीला दिलं नाही. नवे फोटो थोडे अवघड होते, असं त्यांचं म्हणणं. आपल्यासाठी यातलं कामाचं एवढं: दोन मॉडेलांची तुलना एका संचावर करता येते, पण "९६ टक्के" हा आकडा संच बदलला की सोबत येत नाही. पुरवठादाराच्या पत्रकावरचा आकडा तुमच्या लाइनवर तसाच मिळेल असं धरू नका.

सातवं काम: मॉडेल आणि माणूस मिळून किती थांबवतात ते मोजा

अचूकता फसवी आहे हे पटल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात: "खराब नग पकडण्याचं प्रमाण ९७ टक्के पाहिजे." ते गाठणं फार सोपं आहे. मॉडेलचा उंबरठा खाली करा, जरा शंका आली की नग अडवा. ४० पैकी ३९ पकडले जातात, पण हजारातले साडेतीनशे नग तपासनिसाच्या टेबलावर येऊन पडतात. त्यातले तीनशेहून जास्त चांगले आहेत हे त्याला दोन दिवसांत कळतं, आणि मग तो न बघता "ओके" दाबू लागतो. घाईत त्याने पकडलेल्यातले एक-तृतीयांश खराब नगही सोडले, तर प्रत्यक्षात थांबले २६. याउलट ३४ पकडून हजारात फक्त ९४ नग अडवणाऱ्या मॉडेलच्या मागे तोच माणूस लक्षपूर्वक बघतो आणि त्यातले ३२ थांबवतो.

म्हणून मॉडेलच्या शेवटी मोजू नका, टेबलाच्या शेवटी मोजा. चौथ्या कामातले खूण केलेले दहा नग इथेही वापरा: मॉडेल आणि माणूस दोघांना ओलांडून किती पुढे गेले? सोबत "ओके" दाबायला सरासरी किती सेकंद लागतात तेही नोंदवा. तो वेळ आठवड्यागणिक घसरत असेल, तर मॉडेल कितीही चांगलं असलं तरी तपासणी बंद पडत चालली आहे. मात्र या सेकंदांना लक्ष्य करू नका. केलंत, तर माणूस नग हातात धरून घड्याळाकडे बघत उभा राहील.

आठवं काम: बक्षीस कशाला लावायचं

आकडा आणि पैसा थेट जोडला की वर सांगितलेल्या सगळ्या वाटा एकदम रुंद होतात. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने एका गिऱ्हाईकामागे किती खाती आणि कार्डं विकली यावर कर्मचाऱ्यांवर कडक लक्ष्यं लावली होती. गिऱ्हाईकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली गेल्याचं समोर आलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. खात्यांचा आकडा गिऱ्हाईकाशी असलेल्या नात्याची खूण म्हणून निवडला होता, आणि नात्याशिवायही तो वाढवता येत होता.

फाउंड्रीत बक्षीस द्यायचंच असेल तर ते शिफ्टच्या हातात असलेल्या, कास्टिंगच्या दर्जाला कारण असलेल्या गोष्टींना द्या: वाळूची ओल वेळच्या वेळी तपासली का, ओतण्याचं तापमान प्रत्येक हीटला मोजून लिहिलं का, कोअर वाळवून मगच बसवले का. याही नोंदी खोट्या होऊ शकतात, पण पायरोमीटर घेऊन अधूनमधून स्वतः जाऊन पडताळणं सोपं असतं. आणि खराब नग स्वतःहून दाखवणाऱ्या माणसाचं नुकसान कधी होता कामा नये. त्याला एकदा बोल बसला, तर तुमचं रजिस्टर तिथून पुढे निरुपयोगी आहे.

आकड्याशी खेळ सुरू झालाय का, हे ओळखायला रोजच्या शिफ्टचे आकडे एका रांगेत मांडून बघा. खरी प्रक्रिया विखुरलेली असते: कधी २.८, कधी ५.१, कधी ४.४. लक्ष्य ४ असेल आणि ३.७, ३.८, ३.९ यांची गर्दी झाली असेल, ४.१ आणि ४.२ मात्र जवळपास गायब असतील, तर निर्णय नग बघून होत नाहीत. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत होल्ड वाढत असेल तर तेही तेच सांगतं. अशा वेळी माणूस शोधत बसू नका, लक्ष्य उचला.

खरी सुधारणा वेगळी दिसते. टेबलावरचं रिजेक्शन, गिऱ्हाईकाचा परतावा आणि फेरतपासणीतले दोष तिन्ही आपापल्या वेळाने खाली येतात, रीवर्क वाढत नाही, आणि काय बदललं ते कोणीतरी नेमकं सांगू शकतो: वाळूची ओल आटोक्यात आली, वायू बाहेर जायच्या वाटा म्हणजे व्हेंट वाढवले, अमुक नगाची गेटिंग, म्हणजे धातू साच्यात शिरण्याची वाट बदलली. कारण सांगता येत नसेल तर आणखी एक महिना थांबा.

दर सहा महिन्यांनी पहिल्या कामातला तो चार ओळींचा कागद काढा आणि मामांकडे पुन्हा जा. तेव्हा सांगितलेल्या वाटांखेरीज आता कुठली नवी वाट निघाली आहे का, ते विचारा. टेबलावरचं रिजेक्शन आणि दोन महिन्यांनी येणारा परतावा यांचा हीटनुसार आलेख काढा. एके काळी दोन्ही बरोबर वर-खाली होत असतील आणि आता त्यांचा एकमेकांशी संबंध उरला नसेल, तर तो आकडा मोठ्या स्क्रीनवरून काढून रोजच्या कामापुरता रजिस्टरमध्ये ठेवा आणि त्याच्या जागी हीटनुसार परतावा लावा. मॉडेलच्या बाबतीतही हेच: कुलुपातल्या संचावरचे गुण आणि टेबलाच्या शेवटी थांबलेले नग यांची फारकत झाली, की संच नव्याने बनवायचा. त्याचे निकाल या वेळीही रजिस्टरमधून उचलायचे नाहीत, मशीन शॉपमधून आणायचे.